सदुसष्ट की अडुसष्ट? वायरलेसवर निरोप शाबूत कसा पोचतो

सदुसष्ट आणि अडुसष्ट. समोरासमोर बसून म्हटलं तर दोन्ही आकडे स्वच्छ कळतात. आता हेच आकडे धो धो पावसात, शेजारी नदी फुगलेली असताना, वायरलेस सेटवर म्हणायचे आहेत असं समजा. पलीकडच्या माणसाला 'दुसष्ट' किंवा 'डुसष्ट' असं काहीतरी ऐकू येईल. सुरुवातीचा 'स' वाटेतच गळून पडलेला असेल, आणि त्या खरखरीत 'द' होता की 'ड' होता हे कोणालाच छातीठोकपणे सांगता येणार नाही. ६७ माणसं अडकलीत की ६८? हा फरक एका माणसाच्या जिवाचा आहे.

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर असल्यामुळे आपल्या सीमाभागात गल्लीगणिक एखादा तरी माजी सैनिक भेटतो. त्यांच्या बोलण्यात 'रॉजर', 'ओव्हर', 'ब्राव्हो', 'चार्ली' हे शब्द अधूनमधून येतात. ऐकणाऱ्यांना ती फौजी ऐट वाटते. मी पलटणीच्या सिग्नल प्लाटूनमध्ये काम केलं आहे, त्यामुळे सांगतो, त्यात ऐट काहीच नाही. त्यातला प्रत्येक शब्द एका ठरावीक चुकीवरचा उपाय आहे. त्या चुका कोणत्या हे कळलं की ही पद्धत आपोआप समजते.

आधी गोंगाट नेमकं काय खातो ते पाहू. माणसाच्या बोलण्यात स्वरांचा आवाज मोठा आणि जाड असतो, व्यंजनांचा लहान आणि बारीक. म्हणूनच शेताच्या या बांधावरून त्या बांधावर हाक मारताना आपण नावातला स्वर ताणतो. तो लांब जातो, व्यंजन जात नाही. पण शब्दाचा अर्थ बहुतेक व्यंजनांवर उभा असतो. 'पाट', 'काट', 'घाट', 'वाट' यांत 'आ' सगळीकडे तोच आहे. म्हणजे गोंगाटात आधी बुडतं ते नेमकं कामाचं.

त्यात वायरलेस सेट स्वतःही काही कापतो. बोलण्यासाठीचा सेट साधारण ३०० ते ३००० हर्ट्झपर्यंतचाच आवाज पाठवतो, टेलिफोनसारखा. तेवढ्यात बोलणं समजतं आणि जास्त चॅनेल बसवता येतात, म्हणून तसं ठरवलं आहे. पण 'स' या उच्चाराची बरीचशी ताकद ४००० हर्ट्झच्या वर असते. तो भाग सेटमधून बाहेर पडतच नाही. 'फ'ची गतही तशीच. त्यामुळे इंग्रजी अक्षर 'एस' आणि 'एफ' वायरलेसवर जवळजवळ सारखेच ऐकू येतात, मग सेट कितीही चांगला असो.

इंग्रजी अक्षरांची नावं या दृष्टीने फारच गैरसोयीची आहेत. बी, सी, डी, ई, जी, पी, टी, व्ही या आठही अक्षरांचा शेवट 'ई'ने होतो. खरखरीत फक्त 'ई' शिल्लक राहिली की आठांपैकी कोणतं अक्षर होतं हे ओळखायला काहीच आधार उरत नाही. 'एम' आणि 'एन' यांच्यातला फरक तर शांत खोलीतही फोनवर कळत नाही. आपल्या अक्षरांतही अशा जोड्या आहेत. क-ख, ट-ठ, न-ण, ल-ळ यांतला फरक कानाला बारीक लागतो, आणि बारीक तेच आधी जातं.

यावर साधा उपाय म्हणजे अक्षराऐवजी एक अख्खा शब्द म्हणायचा. 'बी' न म्हणता 'ब्राव्हो', 'डी' न म्हणता 'डेल्टा'. शब्द लांब असल्यामुळे त्यातला एखादा तुकडा गेला तरी उरलेल्यावरून तो ओळखता येतो. 'ब्राव्हो'मधला 'ब' गेला आणि 'राव्हो' उरलं तरी यादीत तसं दुसरं काही नाही, म्हणजे तो 'ब्राव्हो'च. पण याला एक अट आहे. ऐकणाऱ्याला यादी आधीच पाठ हवी, आणि यादी लहान व ठरलेली हवी. ऐकणारा 'हा कोणता शब्द असेल' असा सगळ्या जगातल्या शब्दांतून शोध घेत नाही. तो फक्त सव्वीस शब्दांतून एक निवडतो. ही निवड सोपी आहे म्हणूनच गोंगाटात जमते.

आपण फोनवर 'बी फॉर बॉम्बे, के फॉर कोल्हापूर' असं सुचेल ते म्हणतो तेव्हा ही अट मोडते. 'पी फॉर पुणे' असं म्हणायचं होतं, पण सुरुवात गेली आणि पलीकडे 'उणे' पोचलं, तर त्याने काय ओळखायचं? त्याच्या डोक्यात कोणतीच यादी नाही. बोलणारा प्रत्येक वेळी नवा शब्द काढतो आणि ऐकणारा प्रत्येक वेळी नव्याने अंदाज बांधतो.

मग हे सव्वीस शब्द आले कुठून? सैन्यांत अशा याद्या आधीपासून होत्या. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज आणि अमेरिकन फौजा 'एबल, बेकर, चार्ली' अशी यादी वापरत. त्यात 'आर'साठी 'रॉजर' होता. 'आर' म्हणजे 'रिसीव्हड', निरोप मिळाला. यादी बदलली, 'आर'चा 'रोमिओ' झाला, पण मिळाल्याची पोच म्हणून 'रॉजर' तसाच टिकला. अडचण अशी होती की ते शब्द इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडाला बसणारे होते. युद्धानंतर विमानं देशोदेशी उडू लागली, आणि फ्रेंच, स्पॅनिश बोलणाऱ्या वैमानिकांनाही तेच शब्द म्हणायची पाळी आली. म्हणून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने नवी यादी बांधायचं काम मॉन्ट्रियल विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ झां-पॉल व्हिने यांच्याकडे दिलं. ती १९५१ मध्ये लागू झाली.

त्या यादीत 'सी'साठी 'कोका', 'एम'साठी 'मेट्रो', 'एन'साठी 'नेक्टर', 'यू'साठी 'युनियन' आणि 'एक्स'साठी 'एक्स्ट्रा' होता. एकेक शब्द सुटा म्हटला तर ठीक वाटतो. पण प्रत्यक्ष वापरात घोळ होऊ लागले. 'नेक्टर' आणि 'व्हिक्टर' एकमेकांत मिसळत. दोन्हींचा शेवट तोच, मधला 'क्ट' तोच, फरक फक्त सुरुवातीला, आणि सुरुवात हीच वायरलेसवर सर्वात जास्त कापली जाते. 'एक्स्ट्रा' आणि 'डेल्टा' यांचंही तसंच. मग वेगवेगळ्या देशांच्या लोकांकडून शब्द म्हणवून आणि ऐकवून पुन्हा तपासणी झाली, आणि वरचे पाच शब्द बदलून 'चार्ली', 'माइक', 'नोव्हेंबर', 'युनिफॉर्म', 'एक्स-रे' आले. १ मार्च १९५६ पासून ही यादी चालू आहे.

या पाच बदलांत मला सगळ्या विषयाचं मर्म दिसतं. 'नेक्टर' हा शब्द वाईट नव्हता, तो 'व्हिक्टर'च्या फार जवळ होता. यादीतला शब्द एकट्याने स्पष्ट असून भागत नाही, तो बाकीच्या पंचवीस शब्दांपासून लांब असावा लागतो. चाचण्यांत असंही दिसलं की 'एफ'साठी 'फुटबॉल' हा शब्द सुटा म्हटला तर 'फॉक्सट्रॉट'पेक्षा जास्त वेळा बरोबर ओळखला जातो. तरीही 'फॉक्सट्रॉट' ठेवला गेला, कारण एकामागून एक शब्द येणाऱ्या खऱ्या निरोपात तोच जास्त टिकतो. म्हणूनच कोणी 'आपल्या सोयीसाठी' यादीतला एखादा शब्द बदलला तर मला ते पटत नाही. तो एक शब्द बदलत नाही, बाकी पंचवीस शब्दांचं त्याच्याशी असलेलं अंतर बदलतो.

आकड्यांना वेगळी शिस्त आहे. इंग्रजीत 'फाइव्ह' आणि 'नाइन' या दोन्हींत 'आइ' हा एकच स्वर आहे. बाजूची व्यंजनं गेली की दोन्ही सारखेच. म्हणून नऊला 'नायनर' म्हणतात. एक जादा तुकडा जोडला की पाच आणि नऊ लांबीवरूनच वेगळे होतात, व्यंजन ऐकू येण्याची गरजच उरत नाही. त्याच नियमात पाचला 'फाइफ', तीनला 'ट्री' आणि चारला 'फोअर' म्हणायला सांगितलं आहे. शिवाय आकडे सुरू होण्याआधी 'फिगर्स' असं म्हणायचं, म्हणजे ऐकणाऱ्याचा कान त्या क्षणी दहाच शब्दांसाठी तयार होतो.

आणि आकडा नेहमी सुटा सांगायचा. ६७ म्हणजे 'सिक्स सेव्हन', 'सिक्स्टी सेव्हन' नव्हे. हा नियम आपल्या भागाला तर फारच लागू आहे. मराठीत आपण सत्तेचाळीस म्हणतो, म्हणजे आधी सात, मग चाळीस. कानडीत 'नलवत्तेळु', म्हणजे आधी चाळीस, मग सात. पुराच्या वेळी एकाच चॅनेलवर खानापूरचा मराठी आणि गोकाकचा कानडी माणूस असतात. घाईत कोणी मनातल्या मनात भाषांतर करत आकडा लिहू लागला तर ४७ चे ७४ व्हायला वेळ लागत नाही. पुन्हा मराठीतले एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे सगळे सारखेच सुरू होतात. शेवट गेला तर दहा-वीसचा फरक. 'चार सात' असं सुटं म्हटलं की हे सगळे प्रश्न एकदम संपतात.

इथपर्यंत झाली चूक कमी करण्याची गोष्ट. पण चूक शून्यावर कधीच येत नाही. म्हणून वायरलेसच्या पद्धतीचा दुसरा आणि माझ्या मते जास्त मोलाचा भाग वेगळाच आहे. चूक झालीच तर ती कळली पाहिजे. 'ऐकू आलं नाही' हे कळलं तर आपण पुन्हा विचारतो, चार सेकंद जातात, बाकी बिघडत नाही. घात होतो तो चुकीचं ऐकून 'बरोबर ऐकलं' असं वाटण्याने.

एक निरोप शेवटपर्यंत नेऊन पाहू. प्रसंग आणि आकडे मी समजण्यासाठी रचले आहेत, पण परिस्थिती आपल्या ओळखीची आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा एकदम चढल्या होत्या, तशीच वेळ समजा. कृष्णाकाठी एक बोट पथक आहे, त्याची खूण 'थ्री ब्राव्हो'. नियंत्रण करणारं स्टेशन 'झिरो'. नियंत्रण स्टेशनला झिरो म्हणण्याची फौजेत जुनी चाल आहे.

'झिरो, धिस इज थ्री ब्राव्हो, मेसेज, ओव्हर.'

आधी ज्याला बोलवायचं त्याचं नाव, मग स्वतःचं. हा क्रम उलटा करायचा नाही. ऐकणारे दहा जण दुसऱ्या कामात असतात, स्वतःचं नाव कानावर पडलं की त्यातला एक जागा होतो आणि मग 'कोण बोलतंय' ते ऐकतो. आणि लगेच निरोप सुरू करायचा नाही, कारण पलीकडच्याच्या हातात अजून पेन्सिल नाही.

'थ्री ब्राव्हो, धिस इज झिरो, सेंड, ओव्हर.'

'थ्री ब्राव्हो. लोकेशन कुडची. आय स्पेल, किलो युनिफॉर्म डेल्टा अल्फा चार्ली होटेल इंडिया, कुडची. ग्रिड, फिगर्स, फोर फाइफ सेव्हन, नायनर वन टू. माणसं, फिगर्स, सिक्स सेव्हन. रीड बॅक, ओव्हर.'

नाव आधी सरळ म्हटलं, मग अक्षरं सांगितली, मग पुन्हा सरळ म्हटलं. सगळा निरोप अक्षराअक्षराने सांगायचा नसतो. तसं केलं तर एका निरोपाला पाच मिनिटं लागतील आणि तेवढा वेळ बाकी सगळे ताटकळतील. गावाचं नाव, माणसाचं नाव, गाडीच्या नंबरमधली अक्षरं, म्हणजे जे संदर्भावरून ओळखता येत नाही तेवढंच फोडून सांगायचं. 'बोट', 'पाणी', 'डॉक्टर' हे शब्द अर्धवट ऐकू आले तरी वाक्यावरून कळतात.

'ग्रिड' म्हणजे नकाशावरच्या चौकटीचा सहा आकडी पत्ता. पहिले तीन आकडे पूर्वेकडचं अंतर सांगतात, नंतरचे तीन उत्तरेकडचं. तीनपैकी पहिला आकडा दहा-दहा किलोमीटरचा, दुसरा एकेक किलोमीटरचा, तिसरा शंभर मीटरचा. म्हणजे सहा आकड्यांनी शंभर मीटरची चौकट मिळते. पुरात एक वस्ती शोधायला ती पुरेशी आहे.

आता झिरो उत्तर देतो. त्याच्याकडे पत्र्यावर पाऊस वाजतोय.

'थ्री ब्राव्हो, धिस इज झिरो. आय रीड बॅक. लोकेशन कुडची, किलो युनिफॉर्म डेल्टा अल्फा चार्ली होटेल इंडिया. ग्रिड, फोर नायनर सेव्हन, नायनर वन टू. माणसं, सिक्स सेव्हन. ओव्हर.'

दुसरा आकडा चुकला. पाचचा नऊ झाला. त्या जागेवरचा आकडा किलोमीटरचा आहे, म्हणजे चार किलोमीटरची चूक. तिसऱ्या जागेवर हीच चूक झाली असती तर चारशे मीटर, पहिल्या जागेवर झाली असती तर चाळीस किलोमीटर. इथे बोट चार किलोमीटर पूर्वेला गेली असती, दुसऱ्याच गावाच्या पाण्यात.

'थ्री ब्राव्हो. राँग. ग्रिड, आय से अगेन, फोर फाइफ सेव्हन, नायनर वन टू. ओव्हर.'

'झिरो. आय रीड बॅक. ग्रिड, फोर फाइफ सेव्हन, नायनर वन टू. ओव्हर.'

'थ्री ब्राव्हो. करेक्ट. आउट.'

झिरोने नुसतं 'रॉजर' म्हटलं असतं तर? 'रॉजर'चा अर्थ 'मला तुमचं शेवटचं बोलणं पूर्ण मिळालं' एवढाच. झिरोला मनापासून तसंच वाटत होतं. त्याच्या कागदावर सहा आकडे होते, एकही जागा रिकामी नव्हती. त्याला चूक कळायला काहीच मार्ग नव्हता. ती कळली फक्त पाठवणाऱ्याला, आणि तीही परत वाचून दाखवलं म्हणून.

परत वाचण्याची एक कच्ची बाजू आहे. झिरोने नऊ लिहिला, नऊच वाचला, पण परतीच्या वाटेवर खरखरीने तो पाठवणाऱ्याला पाचसारखा ऐकू आला, तर? दोन चुका एकमेकींना झाकतील. 'नायनर' लांब म्हणण्याचं खरं कारण इथे कळतं. परत येताना त्यातला तुकडा गळून तो कदाचित पाच वाटेल, पण जाताना पाच म्हटलेला 'नायनर' होणं अवघड. दुसरं असं की पाठवणाऱ्याला उत्तर माहीत असतं, आणि माणूस जे अपेक्षित आहे तेच ऐकतो. म्हणून परत वाचणं चालू असताना आपल्या कागदावरच्या प्रत्येक आकड्यावर पेन्सिलचं टोक ठेवत जायचं. डोळे कागदावर, कान सेटवर. आकाशाकडे बघत 'करेक्ट' म्हणणारा ऑपरेटर मला नको वाटतो.

'रॉजर'च्या शेजारचा शब्द 'विल्को'. त्याचा अर्थ 'कळलं, आणि तसं करतो'. यात हुकूम पाळण्याचं वचन आहे, म्हणून तो सोबत 'रॉजर' न जोडता एकटाच म्हणतात. 'ओव्हर' म्हणजे माझं बोलून झालं, आता तुमचं उत्तर हवं. 'आउट' म्हणजे बोलणं संपलं, उत्तर नको. त्यामुळे सिनेमात ऐकू येणारं 'ओव्हर अँड आउट' हे 'उत्तर द्या, देऊ नका' असं होतं. 'से अगेन' म्हणजे पुन्हा सांगा. इथे 'रिपीट' हा शब्द मुद्दाम टाळतात, कारण तोफखान्यात 'रिपीट'चा अर्थ त्याच मापाने पुन्हा गोळे टाका असा होतो. त्याच चॅनेलवर तोफांना निरोप जात असताना कोणी सहज 'रिपीट' म्हणाला तर काय होईल हे वेगळं सांगायला नको. सगळं पुन्हा मागायचीही गरज नसते. 'से अगेन ऑल आफ्टर ग्रिड' म्हटलं की ग्रिडनंतरचं तेवढंच परत येतं.

'ओव्हर'ची गरज का पडते, ते सेटच्या बनावटीत आहे. फोनवर दोघं एकाच वेळी बोलू आणि ऐकू शकतात. साध्या वायरलेसवर बटण दाबलं की आपण बोलतो आणि तेवढा वेळ बहिरे होतो. दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं तर दोघांनाही ते कळत नाही. त्यातही फौजेचे जवळच्या अंतराचे सेट बहुतेक एफएम पद्धतीचे असतात, आणि एफएमचा एक स्वभाव आहे. एकाच चॅनेलवर दोन आवाज आले तर जोरकस आवाज कमजोर आवाजाला पूर्ण गिळून टाकतो. ऐकणाऱ्याला एकच माणूस स्वच्छ ऐकू येतो, दुसरा बोलत होता याचा पत्ताही लागत नाही. विमानं एएम वापरतात, तिथे दोन आवाज भिडले की शिट्टीसारखा कर्कश सूर येतो आणि सगळ्यांना कळतं की काहीतरी तुटलं. एफएमवर तेवढीही सूचना मिळत नाही. म्हणून वायरलेसवर शांततेचा अर्थ होकार असा कधीच घ्यायचा नाही. उत्तर आलं नाही म्हणजे निरोप पोचला नाही, असंच धरायचं.

बटणाची दुसरी खोड म्हणजे पहिला शब्द कापणं. बटण दाबल्यावर सेट हवेत यायला आणि पलीकडच्या सेटचा स्पीकर उघडायला क्षणभर लागतो. बटण आणि तोंड एकदम चालू केलं तर 'थ्री ब्राव्हो'चं 'ब्राव्हो' होतं, आणि 'थ्री'चा की 'टू'चा हे कळत नाही. दाबा, अर्धा सेकंद थांबा, मग बोला. तुमची खूण सारखी अर्धी ऐकू येतेय असं कोणी म्हणालं तर सेट बदलायच्या आधी अंगठ्याची ही सवय तपासा.

बोलण्याची ढबही शिकवावी लागते. इंग्रजांकडून आलेल्या शिक्षणात तिचे चार भाग सांगतात: लय, वेग, आवाज आणि पट्टी. लय म्हणजे दोन-चार शब्दांचे अर्थपूर्ण तुकडे पाडून बोलणं. वेग लिहून घेणाऱ्याच्या हाताचा, बोलणाऱ्याच्या जिभेचा नव्हे. पट्टी नेहमीपेक्षा किंचित वर. आवाजाबाबत मात्र लोक हटकून चुकतात. ऐकू येत नाही म्हटलं की माणूस ओरडतो. ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजनं त्या प्रमाणात होत नाहीत, आणि सेट ठरावीक मर्यादेच्या वरचा आवाज छाटून टाकतो. म्हणजे जे आधीच ऐकू येत होतं ते आणखी वाढतं, आणि जे बुडत होतं ते फाटक्या आवाजात पुरतं बुडतं. माइक तोंडाच्या जरा बाजूला धरायचा, वाऱ्याकडे पाठ करायची आणि नेहमीच्या आवाजात सावकाश बोलायचं.

ही पद्धत सगळ्यावर उपाय नाही. एफएमचा आवाज ठरावीक पातळीपर्यंत स्वच्छ राहतो आणि तिच्याखाली गेला की एकदम कोसळतो. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला जंगल आणि डोंगर मध्ये आले की सेट असा अचानक जातो. तिथे 'अल्फा, ब्राव्हो' कितीही स्पष्ट म्हणून उपयोग नाही. आधी जागा बदलायची. दहा पावलं सरकून, थोडं वर चढूनही पुष्कळदा फरक पडतो. नाहीच जमलं तर उंचावर एक स्टेशन बसवून त्याच्याकडून निरोप पुढे पाठवायचा. बेळगाव तालुक्यात येळ्ळूरच्या राजहंसगडासारखी जागा अशा कामाला चांगली. पण मधल्या माणसाने निरोप शब्दशः पुढे द्यायचा, स्वतःच्या भाषेत सांगायचा नाही. 'सिक्स सेव्हन'चं 'पासष्ट-सत्तर जण' होतं ते इथेच. आणि त्यानेही परत वाचून दाखवायचं, शेवटच्या माणसाकडूनही परत वाचून घ्यायचं.

गुप्ततेशी या अक्षरांचा काही संबंध नाही. 'ब्राव्हो' म्हणजे 'बी' हे शत्रूलाही माहीत असतं. काही लपवायचं असेल तर त्याला वेगळे सांकेतिक तक्ते किंवा आवाज गुंतागुंतीचा करणारी यंत्रं लागतात.

राहिली एक मर्यादा, जी आपल्या भागात रोज भेटते. वरच्या निरोपात कुडचीचं एकेक अक्षर बरोबर पोचलं. पण कुडची कोणती? रायबाग तालुक्यात कृष्णेजवळ कुडची आहे, आणि बेळगावला लागून बसवन कुडची आहे, तिलाही बोलताना लोक नुसतं कुडचीच म्हणतात. मार्कंडेय नदीपाशी कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द आहेत. निरोपाचा शेवटचा शब्द कापला गेला तर नुसती 'कंग्राळी' उरते. खानापूर तर बेळगाव जिल्ह्यातही आहे आणि सांगली जिल्ह्यातही. शिवाय जुन्या नकाशावर एक स्पेलिंग, नव्यावर दुसरं, त्यामुळे अक्षरं बरोबर सांगूनही समोरच्याला यादीत गाव सापडत नाही. अक्षरमाला अक्षरं पोचवते, ती गाव ओळखत नाही. म्हणून गावाच्या नावासोबत तालुका आणि सहा आकडी ग्रिड असे तीनही सांगायचे, आणि झिरोवरच्या माणसाने ग्रिड लगेच नकाशावर टेकवून बघायचा. गाव आणि चौकट जुळत नसेल तर 'रॉजर' म्हणायचं नाही, 'वेट' म्हणायचं, आणि बोट निघायच्या आधी पुन्हा विचारायचं.